चार आकड्यांतल्या दोन दिशा

आलेखाच्या कागदावर (३, ४) हा बिंदू घ्यावा आणि त्याला या मॅट्रिक्सने गुणावे.

```
A = | ५   २ |
    | २   २ |
```

वरची ओळ सांगते, पाच त्रिक पंधरा अधिक बे चोक आठ, म्हणजे २३. खालची ओळ सांगते, बे त्रिक सहा अधिक बे चोक आठ, म्हणजे १४. (३, ४) हा बिंदू (२३, १४) या जागी जाऊन पोचतो. आरंभबिंदूपासून त्याच्याकडे जाणारा बाण लांबला आणि वळलाही. (१, ०) घेतला तर तो (५, २) होतो, (०, १) घेतला तर (२, २). प्रत्येक बाण वेगळ्या कोनातून वळतो, वेगळ्या पटीत लांबतो, आणि त्यात काही शिस्त असेल असे पहिल्या नजरेला वाटत नाही.

शिस्त आहे. (२, १) हा बाण घेतला तर उत्तर येते (१२, ६), म्हणजे तोच बाण, सहापट लांब, पण तसूभरही न वळलेला. आणि (१, −२) घेतला तर उत्तर पुन्हा (१, −२) येते. तो जागचा हलत नाही. या दोन दिशांवर A फक्त गुणाकार करते, एकीवर ६ने, दुसरीवर १ने. या दोन संख्यांना A ची आयगेन मूल्ये म्हणतात.

ती शोधायला शाळेतले वर्गसमीकरण पुरते. मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ५ + २ = ७, आणि निश्चयक ५ × २ − २ × २ = ६. ज्यांची बेरीज ७ आणि गुणाकार ६, त्या दोन संख्या म्हणजे ६ आणि १. मात्र अशा वास्तव संख्या मिळतीलच याची खात्री प्रत्येक मॅट्रिक्सबाबत देता येत नाही. सगळे बाण काटकोनात फिरवणाऱ्या मॅट्रिक्सला न वळणारी दिशा असणार तरी कुठून? A ची गोष्ट वेगळी आहे, कारण ती सममित आहे: कर्णाच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा, २. त्यामुळे वर्गमुळाखाली (५ − २)² + ४ × २² असे दोन वर्गांच्या बेरजेचे पद येते. ते २५ भरते. वर्गांची बेरीज ऋण होत नाही, म्हणून कोणत्याही २ × २ सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये वास्तवच असतात. ऑगस्तँ-लुई कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२९मध्ये हेच कोणत्याही आकाराच्या सममित मॅट्रिक्ससाठी सिद्ध केले. तेव्हा ‘मॅट्रिक्स’ हे नावही रूढ नव्हते. त्याच्यासमोर होती वर्गपदांची समीकरणे आणि त्यांच्या आकृत्यांचे अक्ष.

सममितीमुळे आणखी एक गोष्ट पदरात पडते. (२, १) आणि (१, −२) यांचा अदिश गुणाकार २ × १ + १ × (−२) = ०, म्हणजे त्या दिशा एकमेकींना लंब आहेत. हा योगायोग नव्हे. सममित मॅट्रिक्स दोघांपैकी कोणत्याही बाणाला लावली तरी अदिश गुणाकार तोच येतो. पहिल्याला लावली तर तो सहापट होतो, दुसऱ्याला लावली तर एकपट. जी संख्या स्वतःच्या सहापटीइतकीच आहे, ती शून्यच असली पाहिजे.

लंब दिशा मिळाल्या की प्रक्षेप घेता येतो. डोक्यावरच्या सूर्याने काठीची सावली सपाट जमिनीवर पाडावी, तसा प्रत्येक बाण एका रेषेवर लंब टाकून उतरवायचा. (२, १) च्या रेषेवर उतरवणारी मॅट्रिक्स P आणि (१, −२) च्या रेषेवर उतरवणारी Q म्हटली, तर त्या अशा:

```
P = १/५ × | ४   २ |      Q = १/५ × |  १  −२ |
          | २   १ |                | −२   ४ |
```

बाणाच्या घटकांचे आपसात गुणाकार मांडले की आतले आकडे मिळतात: २ × २, २ × १, १ × २, १ × १. बाहेरचा ५ म्हणजे बाणाच्या लांबीचा वर्ग, २² + १². हातचुका बहुधा या पाचापाशी होतात, कारण त्याने भागायचे राहून जाते. चूक पकडायला P + Q करून पाहावे. कर्णावर १ आणि इतरत्र ० आले नाहीत, तर कुठेतरी घसरले आहे. P ला P ने गुणून पुन्हा P च येते का, हेही तपासावे. एकदा रेषेवर उतरलेला बाण दुसऱ्यांदा उतरवला तर तिथेच राहायला हवा.

आता मूळ बिंदूकडे. P लावल्यावर (३, ४) चा (४, २) होतो, Q लावल्यावर (−१, २), आणि दोघांची बेरीज पुन्हा (३, ४). पहिला तुकडा सहापट केला की (२४, १२), दुसरा तसाच ठेवला की (−१, २). बेरीज (२३, १४). गुणाकाराने आलेले उत्तर हेच होते. हे प्रत्येक बिंदूबाबत घडते, म्हणून थेट लिहिता येते:

```
A = ६P + १Q
```

हेच स्पेक्ट्रल डिकंपोझिशन. मॅट्रिक्सचे काम दोन लंब प्रक्षेपांत वाटले गेले आणि प्रत्येकाला त्याचे आयगेन मूल्य लागले.

ही मांडणी सर्वांत उपयोगी पडते ती घातांकांपाशी. P आणि Q एकमेकांत गुणले तर शून्य येते, कारण एका रेषेवरच्या बाणाची लंब रेषेवर लांबी उरत नाही. त्यामुळे A चा पाचवा घात काढताना मधले मिश्र गुणाकार गळून पडतात आणि उरते ६⁵P + Q. सहाचा पाचवा घात ७७७६, म्हणून वरचा डावा आकडा (७७७६ × ४ + १) ÷ ५ = ६२२१. व्यस्त मॅट्रिक्स हवी असेल तर ६च्या जागी १/६ लिहायचे, वर्गमूळ हवे असेल तर √६.

दिशा बाणांनी लिहिण्यापेक्षा प्रक्षेपांनी लिहिणे अधिक चांगले, आणि याचे कारण सरळ आहे. (२, १) ऐवजी कोणी (४, २) घेईल, कोणी (−२, −१), तिघेही बरोबर. P मात्र तिघांचीही एकच येते. शिवाय ती मिळवायला बाण शोधावाच लागत नाही. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाच्या सूत्राने A च्या कर्णातून दुसरे मूल्य १ वजा करायचे आणि मूल्यांतल्या फरकाने, ६ − १ = ५ने, भागायचे. कर्णावर ४ आणि १ उरतात, बाजूचे २ तसेच राहतात, आणि P तयार.

त्या भागाकारातच या पद्धतीची मर्यादा आहे. मूल्ये जवळजवळ सारखी असली तर भाजक इवलासा होतो आणि आकड्यांतली बारीकशी चूकही फुगते. कर्णावर १ आणि १.०००१, इतरत्र ० अशा मॅट्रिक्सच्या दिशा आलेखाच्या अक्षांवरच असतात. आता कर्णावर १ आणि १ ठेवून बाजूला ०.०००१ लिहिले, तर आकडे दहा हजारांश एवढेच बदलले, पण दिशा ४५ अंशांनी वळल्या. मूल्ये मात्र फारशी हलली नाहीत, ती ०.९९९९ आणि १.०००१ झाली. म्हणून मोजमापातून आलेल्या मॅट्रिक्सच्या दिशांवर भिस्त ठेवण्याआधी मूल्यांमधले अंतर मोजमापातल्या चुकीच्या तुलनेत किती आहे, ते पाहावे लागते. मूल्ये अगदी समान असतील तर कागदावरची प्रत्येक दिशा न वळणारी ठरते. तेव्हा P आणि Q वेगळ्या काढण्यात अर्थ उरत नाही. त्यांची बेरीज मात्र एकच आणि निश्चित असते, आणि विघटनात त्या मूल्यासमोर तीच लिहितात.