फोटोत दिसतं त्यापेक्षा

पावसाळा लागला की माझ्या मोबाइलमध्ये नातेवाइकांच्या पोटऱ्या, माना आणि काखांचे फोटो साठू लागतात. घरात एक डॉक्टर असला की हे चालायचंच. गेल्या जुलैत भाचीनं तिच्या हाताचा फोटो पाठवला. कोपराच्या खाली लालभडक पट्टा, तापलेलं उलथनं टेकवल्यासारखा, आणि मधोमध पिवळसर पुटकुळ्या. खाली लिहिलं होतं, "मामा, नागीण आहे का रे ही? आजी म्हणते, तोंड आणि शेपूट जुळलं की संपलं."

फोटो भयंकर होता, पण मला घाई वाटली नाही. आधी ठणका लागला होता का, असं विचारलं. नाही, रात्री काहीच नव्हतं, सकाळी उठल्यावर दिसलं आणि आग होतेय, एवढंच. मग खिडकीपाशी उजेडात हात सरळ करून, दंडही दिसेल असा दुसरा फोटो मागवला. त्यात उत्तर होतं. कोपराच्या वर, दंडावर, तसाच पट्टा उमटला होता. शाईचा डाग पडलेला कागद दुमडावा तसा.

हे काम पेडेरस नावाच्या किड्याचं. मुंगीहून थोडा लांब, नारिंगी आणि काळा, पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे झेपावणारा. तो चावत नाही. अंगावर बसलेला किडा आपण झोपेत चिरडतो, त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर ओढला जातो आणि साधारण एक-दोन दिवसांनी पट्टा उमटतो. हात दुमडला की रस समोरच्या कातडीलाही लागतो. नागीण असं करत नाही. ती शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या वाटेनं जाते आणि बहुधा पुरळाआधी तिथे दुखू लागतं. तोंड-शेपटीची भीती निराधार आहे, पण नागिणीचा संशय आला तर मात्र थांबू नये, कारण तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू केलेलं उत्तम. भाचीला साबण-पाण्यानं धुणं, गार पाण्याच्या घड्या आणि डोळ्यांना हात न लावणं एवढं पुरलं. रस डोळ्यात गेला असता तर डॉक्टर गाठावाच लागला असता. आठवड्याभरात खपली पडली. काळसर डाग मात्र काही महिने राहिला.

गांधीलमाशी किंवा डास चावल्यावर येणारी सूज एका फोटोवरून ओळखणं अवघड. पहिल्या दिवशी पोटरी लाल, गरम आणि सुजलेली दिसली तर ती बहुधा ॲलर्जी असते. खाज जास्त, दुखणं कमी. ही सूज दुसऱ्या दिवसापर्यंत वाढूही शकते. जंतुसंसर्गाला सहसा दोन-तीन दिवस लागतात, आणि त्यात खाजेची जागा दुखणं घेतं. म्हणून मी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारायला सांगतो आणि त्याच जागेचा, त्याच अंतरावरून बारा तासांनी पुन्हा फोटो मागतो. लाली रेघेच्या आत राहिली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावायचा आणि खाजेची गोळी घ्यायची. तिसऱ्या दिवशी रेघ ओलांडून पसरत असेल, ताप असेल किंवा वरच्या दिशेनं लाल ओढ निघाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ सुजले किंवा श्वास अडकू लागला तर रेघही नको, थेट रुग्णालय. मलम लावण्याआधी फोटो काढा, हेही सांगून ठेवतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं गजकर्णाची कडा पुसट होते आणि मग मलाही ते ओळखू येत नाही.

उलट, ज्याची मला धास्ती वाटते त्याचा फोटो कुणी पाठवतच नाही. काखेत, जांघेत किंवा नाडीच्या ओळीवर एक काळी खपली, भोवती लाल कडी, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही. गवतातल्या चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याची अळी चावल्याची ती खूण असते, आणि नंतर चढणारा ताप स्क्रब टायफसचा असू शकतो. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात या आजारानं माणसं दगावली. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर तो बरा होतो. म्हणून शेतात किंवा रानात जाणाऱ्याला ताप आला की मी विचारतो, आंघोळीच्या वेळी सगळं अंग नीट पाहिलंत का? सगळ्यांनाच खपली दिसते असं नाही, त्यामुळे ती न सापडल्यानं आजार नाही असं ठरत नाही.

आणि मण्यार तर खूणही क्वचितच ठेवते. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं, अंगावर जेमतेम डास चावल्यासारखा ठिपका असतो किंवा तोही नसतो, आणि थोड्या वेळानं पापण्या जड होऊन मिटू लागतात. असा फोटो आलाच, तर मी तो मोठा करून पाहत बसत नाही. आधी 108 ला फोन लावायला सांगतो.