खर्ज कुठे हरवतो?

घरी जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर तबला लावला, तर डग्ग्याचा घुमारा कित्येकदा गायब असतो. अशा वेळी बहुतेक जण इनपुटचा कपलिंग कपॅसिटर बदलतात. खरा दोषी बहुधा एमिटरशी बसलेला बायपास कपॅसिटर असतो.

कपॅसिटर कमी वारंवारतेला जास्त अडवतो. त्याचा अडथळा समोरच्या रोधाइतका झाला की तिथे खालची सीमा पडते: f = 1/(2πRC). BC547 मधून 1 मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर इनपुटला साधारण 3 किलोओहम रोध दिसतो. तिथे 10 मायक्रोफॅरड लावला की सीमा सुमारे 5 हर्ट्झवर येते, म्हणजे ऐकण्याच्या कक्षेबाहेर. एमिटरपाशी मात्र रोध जेमतेम 26 ओहम. तोच 10 मायक्रोफॅरड तिथे लावला, तर सीमा थेट 600 हर्ट्झवर चढते! 220 मायक्रोफॅरड लावल्यावर ती 28 च्या आसपास उतरते.

सीमेखाली आवाज एकदम तुटत नाही. एमिटरचा रेझिस्टर पुन्हा जाणवू लागतो आणि गेन हळूहळू घटतो. जुन्या सेटमध्ये इलेक्ट्रोलिटिक वाळला तरी हेच घडते. त्याला समांतर चांगला कपॅसिटर टेकवून पाहा, ध्रुव मात्र जुळवून. खर्ज लगेच भरला, तर वाळलेला तोच.