‘आवडलं’ आणि ‘आवडलीस’

रविवारी ट्रेकला ओळख झाली, नंबर घेतला, आणि सोमवारी संध्याकाळी मोबाइल हातात धरून बसलेला मुलगा शेवटी लिहितो, ‘हाय, काय करतेस?’ हा मेसेज कुणीही कुणालाही पाठवू शकतं. त्यामुळे उत्तरही तसंच येतं : ‘काही नाही.’

त्याऐवजी तीन छोटी वाक्यं लिहावीत. एक, डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरं, ते पाहून मनाला काय वाटलं. तिसरं, सहज उत्तर देता येईल असा प्रश्न.

समजा, ट्रेक राजगडचा होता. मग मेसेज असा होईल : ‘बालेकिल्ला चढताना सगळे पुढे पळत होते, तू मात्र त्या दमलेल्या काकूंसाठी थांबलीस. मला ते फार आवडलं, घरी आल्यावरही आठवत राहिलं. आज पाय काय म्हणतायत?’

पहिलं वाक्य फक्त तिलाच लागू पडतं. हीच त्याची कसोटी. तोच मेसेज दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर आपण नीट पाहिलेलंच नाही. इथे रूपापेक्षा तिने केलेली गोष्ट निवडावी. नव्या ओळखीत अंगावरच्या कौतुकाने समोरचं माणूस अवघडतं.

खरी गंमत दुसऱ्या वाक्यात आहे, आणि जपायचंही तिथेच. मराठीत एका प्रत्ययाने अंतर बदलतं. ‘थांबलीस ते आवडलं’ म्हटलं की कौतुक कृतीचं होतं. ‘तू आवडलीस’ म्हटलं की ती कबुली होते आणि तिला लगेच हो किंवा नाही ठरवावं लागतं. ‘आठवत राहिलं’ या दोन शब्दांत ओढ कळते, पण तिच्यावर भार पडत नाही. तिला हवं तर तो धागा ती उचलेल, नको असेल तर हसून पायांबद्दल बोलेल.

प्रश्न एकच असावा. ‘आयुष्यात तुला काय हवंय?’ याला उत्तर द्यायला रात्र जाईल. ‘पाय काय म्हणतायत?’ याला बसमध्ये उभं राहूनही उत्तर देता येतं. भेटायचं विचारणं पहिल्या मेसेजात नको. दोन्हीकडून गप्पा सुरू झाल्या की ते आपोआप जमतं.

उत्तरात ‘आणि तुझे?’ असा उलट प्रश्न आला, तर पुढे बोलावं. नुसतंच ‘ठीक’ आलं, तर आणखी एखादी साधी गोष्ट बोलून पाहावी आणि तरीही तेवढंच आलं, तर थांबावं. काहीच आलं नाही, तर ‘वाचलंस ना?’ असं विचारू नये. तिचं न बोलणं हेच तिचं उत्तर आहे.