जस्ताच्या वजनावर विजेचं बिल

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटवरचं थॉमस एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं आणि आसपासच्या कचेऱ्यांमध्ये दिवे लागले. पहिले काही महिने वीज फुकट होती. पुढे पैसे घ्यायचे ठरलं, तेव्हा कुणी किती वीज वापरली हे मोजायचं कसं, असा प्रश्न उभा राहिला. चाक फिरवून आकडे दाखवणारं भरवशाचं मीटर तेव्हा नव्हतं. एडिसननं त्यावर रसायनशास्त्रातला उपाय काढला. ग्राहकाच्या जागेत तो काचेची एक बरणी ठेवायचा. बरणीत झिंक सल्फेटचं द्रावण आणि त्यात बुडालेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या. ठरावीक दिवसांनी कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा आणि नव्या ठेवायचा. नेलेल्या पट्ट्या धुऊन, सुकवून तराजूवर ठेवल्या जायच्या, आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल निघायचं.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात विद्युत अपघटनाची जी गणितं असतात, तीच इथे उलट्या दिशेनं सोडवली जात होती. पुस्तक प्रवाह आणि वेळ देऊन धातूचं वजन विचारतं. एडिसनच्या माणसाकडे वजन असायचं आणि त्याला वीज काढायची असायची. गणित नीट समजलं असेल तर ते दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणून हेच उदाहरण धरून पुढे जाऊ.

बरणीतून वीज जाते तेव्हा एका पट्टीवरचे जस्ताचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतात. ही पट्टी धनाग्र, ती झिजते. दुसरी पट्टी ऋणाग्र. तारेतून आलेले इलेक्ट्रॉन तिथे द्रावणातल्या जस्ताच्या आयनांना मिळतात आणि त्यांचं पुन्हा धातूत रूपांतर होऊन थर चढतो. प्रत्येक आयनाला नेमके दोन इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे किती जस्त बसलं हे समजलं की किती इलेक्ट्रॉन आले हे समजतं, आणि इलेक्ट्रॉन समजले की वीज समजली.

अडचण एवढीच, की इलेक्ट्रॉन एक-एक करून मोजता येत नाहीत. किराणा दुकानात अंडी डझनावर मोजतात तसे रसायनशास्त्रज्ञ कण मोलवर मोजतात, फक्त हा डझन अवाढव्य आहे: एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. एका इलेक्ट्रॉनवर १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतका कुलोम विद्युतभार असतो. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की एक मोल इलेक्ट्रॉनांवरचा भार मिळतो: ९६,४८५ कुलोम. याला फॅरेडे स्थिरांक म्हणतात. मायकेल फॅरेडेनं धातूचं वजन आणि विजेचं प्रमाण यांचा संबंध १८३० च्या दशकाच्या पूर्वार्धातच प्रयोगांनी दाखवून दिला होता. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा साठेक वर्षं अवकाश होता. जे. जे. थॉमसननं तो १८९७ मध्ये लावला. एडिसनच्या बरण्याही इलेक्ट्रॉनच्या शोधाआधीच्याच. त्यांच्या माणसांना एवढंच ठाऊक होतं की अमुक इतकी वीज अमुक इतकं जस्त हलवते, आणि बिलाला तेवढं पुरेसं होतं.

आता एक ग्राहक घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे. त्याच्याकडे १० दिवे, प्रत्येक दिवा ०.७५ अँपिअर प्रवाह घेतो आणि महिनाभर रोज ४ तास जळतो. एकूण प्रवाह ७.५ अँपिअर. वेळ १२० तास, म्हणजे ४,३२,००० सेकंद. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कुलोम, तेव्हा प्रवाहाला सेकंदांनी गुणलं की भार मिळतो: ३२ लाख ४० हजार कुलोम. एवढा सगळा भार बरणीतून सोडला तर महिन्याला किलोभराहून जास्त जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाईल. तेवढ्या जाड पट्ट्या कोण ठेवणार? म्हणून एडिसननं बरणीला समांतर अशी कमी रोधाची धातूची वाट ठेवली होती. जवळजवळ सगळा प्रवाह तिथून जायचा आणि बरणीच्या वाट्याला सुमारे हजारावा हिस्सा यायचा.

हा हिस्सा नेमका हजारावा धरू. बरणीतून गेलेला भार ३,२४० कुलोम. त्याला ९६,४८५ नं भागलं की ०.०३३६ मोल इलेक्ट्रॉन. जस्ताच्या प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून जस्त त्याच्या निम्मं: ०.०१६८ मोल. जस्ताचा एक मोल ६५.३८ ग्रॅमचा. गुणाकार केला की साधारण १.१ ग्रॅम. उलट दिशेनं जायचं तर १.१ ग्रॅमपासून सुरुवात करून प्रत्येक पायरीवर गुणाकाराच्या जागी भागाकार आणि भागाकाराच्या जागी गुणाकार करायचा, शेवटी हजारानं गुणायचं, की ग्राहकानं वापरलेला भार मिळतो.

या साखळीत विद्यार्थी बहुधा दोनच ठिकाणी घसरतात. पहिली जागा वेळेची: प्रश्नात मिनिटं किंवा तास दिलेले असतात आणि ते तसेच गुणले जातात. ही चूक लगेच पकडता येते, कारण उत्तर साठ पट किंवा छत्तीसशे पट लहान येतं. दुसरी जागा इलेक्ट्रॉनांच्या संख्येची, आणि खरा घोळ तिथे आहे. धातूचं नाव कळलं म्हणून इलेक्ट्रॉन कळत नाहीत. द्रावणात त्याच्या आयनावर किती भार आहे ते पाहावं लागतं. कॉपर सल्फेटमधल्या तांब्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात. प्लेटिंगवाले वापरतात त्या सायनाइडच्या द्रावणात मात्र तांब्याला एकच पुरतो. धातू तोच, प्रवाह तोच, वेळही तीच, पण हिशेबानं तांबं दुप्पट बसतं.

आपल्या ३,२४० कुलोमनं जस्ताऐवजी चांदी बसवली तर? चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून ०.०३३६ मोल इलेक्ट्रॉनांना ०.०३३६ मोल चांदी, आणि तिचा एक मोल १०७.८७ ग्रॅमचा. उत्तर सुमारे ३.६ ग्रॅम, जस्ताच्या तिपटीहून जास्त. एकाच विजेनं इतका फरक पडतो तो अणू जड असल्यामुळे आणि त्याला इलेक्ट्रॉन कमी लागत असल्यामुळे. चांदीचा हा हिशेब पुढे फार मोठ्या जागी जाऊन बसला. १९०८ साली लंडनच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच अशी झाली: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवणारा स्थिर प्रवाह. १०७.८७ ला ९६,४८५ नं भागून पाहा, हाच आकडा येतो. ही व्याख्या १९४८ पर्यंत चालली. म्हणजे चाळीस वर्षं विजेचं माप तराजूवर ठरत होतं.

एडिसनच्या बरणीला मात्र एवढं आयुष्य लाभलं नाही. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा ठेवावा लागे. गारठा वाढला की तो आपोआप लागायचा. बिलावर ग्राहकांचा विश्वास बसणं अवघड होतं, कारण पट्टीचं वजन कंपनीच्याच तराजूवर होणार आणि ग्राहकाला बरणीकडे पाहून काहीच कळणार नाही. (मीटरवरचा आकडा वाचता येऊनही आपण बिलावरून भांडतो, हा भाग वेगळा.) पण तिचा खरा शेवट केला तो प्रत्यावर्ती प्रवाहानं. हा प्रवाह सेकंदाला अनेकदा दिशा बदलतो. एका क्षणी पट्टीवर बसलेलं जस्त पुढच्या क्षणी तिच्यावरून निघून जातं आणि महिनाअखेरीस वजन जवळजवळ होतं तेवढंच.

म्हणूनच आजच्या प्लेटिंगच्या कारखान्यात टाकीशेजारी रेक्टिफायर असतो. तो घरगुती विजेसारखा प्रवाह एकदिश करतो. निकेलच्या टाकीचं उदाहरण घेऊ. २० अँपिअर प्रवाह, अर्धा तास. भार ३६,००० कुलोम, इलेक्ट्रॉन ०.३७३ मोल. निकेलला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.१८७ मोल निकेल. एक मोल ५८.६९ ग्रॅमचा, तेव्हा जवळपास १०.९ ग्रॅम. पण नग टाकीत जाण्याआधी आणि बाहेर काढून, धुऊन, सुकवल्यावर तोलला तर भरतात साधारण १०.४ ग्रॅम.

अर्धा ग्रॅम गेला कुठे? फॅरेडेचा नियम चुकलेला नाही. इलेक्ट्रॉन सगळे आले, पण सगळे निकेलकडे गेले नाहीत. काही द्रावणातल्या हायड्रोजनच्या आयनांना मिळाले आणि त्यांचा वायू झाला. नगावरून बारीक बुडबुडे उठताना दिसतात ते हेच. प्रत्यक्ष वजनाला हिशेबाच्या वजनानं भागलं की प्रवाहाची कार्यक्षमता मिळते. इथे ती सुमारे ९५ टक्के. निकेलला हे चांगलं प्रमाण आहे. जुन्या पद्धतीच्या क्रोमच्या टाकीत ती १० ते २० टक्क्यांवर येते, बाकीची वीज मुख्यतः हायड्रोजन काढण्यात जाते आणि टाकी उकळत असल्यासारखी फसफसते. प्रश्नपत्रिकेत ही कार्यक्षमता न सांगता १०० टक्के धरलेली असते.

वजन मिळालं तरी गिऱ्हाईक विचारतं ते थराच्या जाडीबद्दल. निकेलची घनता ८.९, म्हणून १०.४ ग्रॅम निकेल म्हणजे साधारण १.१७ घन सेंटीमीटर. नगाचं क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटीमीटर असेल तर थर सरासरी ११.७ मायक्रॉन. यातला सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे. कडांवर आणि टोकांवर प्रवाह जास्त एकवटतो, तिथे थर जाड होतो. खाचेत आणि नळीच्या आतल्या बाजूला तो पातळच राहतो. एकूण वजन अगदी बरोबर भरूनही नग खाचेतून गंजू शकतो. म्हणून जाडी तपासताना मापन कडेवर न घेता जिथे निकेल पोचायला कठीण तिथे घेतात.