गाण्याचं साल चुकलं, तर तक्रार कोणाकडे?

स्ट्रीमिंग सेवेवर एखादं गाणं भलत्याच अल्बमखाली किंवा भलत्याच सालाखाली दिसलं, तर ते सेवेला ई-मेल करून कळवता येतं. अशा बहुतेक ई-मेलना मात्र 'ही माहिती आम्हाला लेबलकडून मिळते' एवढंच उत्तर येतं, आणि ते उत्तर खरंही असतं. सेवा स्वतः गाण्यांची माहिती लिहीत नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे आहेत ते लेबल, किंवा त्याने नेमलेला वितरक, प्रत्येक अल्बमसोबत एक माहितीची फाइल पाठवतो. त्यात गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, अल्बमचं नाव आणि प्रकाशनाची तारीख असते. सेवा ती फाइल वाचते आणि जशीच्या तशी पडद्यावर दाखवते. त्यामुळे ई-मेल सेवेला गेला, तरी तो लेबलकडे पुढे पाठवता येईल अशाच रीतीने लिहावा लागतो.

चूक कुठे होते ते एका गाण्यावरून पाहता येईल. 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' या 1965च्या चित्रपटातलं. शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज लता मंगेशकरांचा आणि संगीत 'आनंदघन' यांचं. आनंदघन हे लताबाईंनीच संगीतकार म्हणून घेतलेलं नाव. समजा, एखाद्या सेवेवर हे गाणं निवडक गाण्यांच्या एका संग्रहाखाली दिसतंय आणि साल आहे 2004. ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी उघड चुकीच्या वाटतात. लेबलच्या नोंदीत मात्र त्यातली एकही चुकीची नसते: तो संग्रह 2004 साली निघाला, त्यात हे गाणं होतं, आणि संग्रहाचं साल 2004च आहे. पडद्यावर दिसतं ते साल गाण्याचं नसून त्या संग्रहाचं असतं.

जुन्या चित्रपटगीतांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, आणि त्याचं कारण त्या काळच्या व्यवहारात आहे. 1965मध्ये आजच्यासारखा अल्बम फारसा नसायचाच. चित्रपटातली गाणी 78च्या तबकड्यांवर किंवा साधारण चार गाण्यांच्या ईपीवर निघत. 'साधी माणसं' नावाचा एकसंध अल्बम सेवेवर दिसला, तर तो बऱ्याचदा नंतर जुळवलेला असतो. ही गाणी डिजिटल झाली तेव्हा अनेकदा हाताशी आधीचे संग्रह होते, मूळ तबकड्या नव्हत्या. संग्रहाची माहिती गाण्याला चिकटली ती तिथून. फाइलमध्ये या प्रकाशनाची तारीख आणि मूळ प्रकाशनाची तारीख अशा दोन वेगळ्या जागा ठेवता येतात. दुसरी जागा रिकामी राहिली, की पहिलीच सगळीकडे दिसू लागते. कधी वर्ष तेवढं ठाऊक असतं, पण रकान्याला पूर्ण तारीख हवी असते. मग 1 जानेवारी टाकून वेळ मारून नेतात. जुन्या गाण्यापुढे 1 जानेवारी दिसली, तर ती खरी तारीख आहे असं समजू नये.

म्हणून ई-मेलआधी गाण्याचा आयएसआरसी पाहावा. हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिला जाणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. नमुन्यादाखल `IN-ABC-05-00123` असा क्रमांक घेऊ. पहिली दोन अक्षरं क्रमांक देणाऱ्या देशाची किंवा संस्थेची, पुढची तीन तो घेणाऱ्या लेबलची, मग सालाचे दोन अंक आणि शेवटी अनुक्रम. आयएफपीआय या जागतिक संघटनेच्या आयएसआरसी शोधपानावर गाण्याचं नाव आणि गायक टाकले, की क्रमांक मिळू शकतो. इथे एक सापळा आहे. मधला 05 हा क्रमांक दिल्याचं साल सांगतो, ध्वनिमुद्रणाचं नव्हे. मुळात ही क्रमांकपद्धतच 1986मध्ये आली, त्यामुळे 1965च्या गाण्याला क्रमांक नंतरच कधीतरी मिळालेला असणार. '05 आहे म्हणजे 2005' असं पुरावा म्हणून लिहिलं, तर लेबलचा माणूस पुढचं वाचतच नाही.

त्याच सेवेवर 'साधी माणसं' हा अल्बम वेगळा आहे का, तेही शोधावं. असला, तर चूक नाहीच. सेवेने शोधात संग्रहातली प्रत वर दाखवली, एवढंच. आणि गाणं पूर्ण ऐकावं. दोन्हीकडे लांबी वेगळी असेल, वाद्यमेळ नवा वाटत असेल, तर ते कुणीतरी पुन्हा गायलेलं गाणं असू शकतं. मग तक्रार सालाची नसून गायकाच्या नावाची होते, आणि ती अधिक गंभीर आहे.

इतकं झाल्यावर ई-मेल छोटाच लागतो. विषयात 'अल्बम व मूळ प्रकाशन वर्षाची दुरुस्ती' आणि गाण्याचं नाव. आत साधारण असं:

'सोबतच्या लिंकवरचं गाणं (आयएसआरसी अमुक) आपल्याकडे अमुक संग्रहाखाली, 2004 या सालासह दिसतं. ते "साधी माणसं" (1965) या चित्रपटातलं आहे. संग्रहाचं साल बदलावं असं म्हणणं नाही. गाण्याच्या मूळ प्रकाशनाचं वर्ष 1965 नोंदवावं आणि चित्रपटाचं नाव द्यावं, ही विनंती. पुरावा सोबत जोडला आहे. ही माहिती लेबलने पाठवली असल्यास कृपया त्यांच्याकडे पाठवावी.'

यातलं तिसरं वाक्य सगळ्यांत कामाचं. नुसतं 'साल चुकीचं आहे' म्हटलं, तर तपासणारा संग्रहाचं साल पाहतो, ते बरोबर आढळतं आणि तक्रार बंद होते. पुराव्यासाठी तबकडीच्या लेबलाचा क्रमांकासकट फोटो उत्तम. तो नसला, तर चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र किंवा श्रेयनामावलीचं चित्र चालतं. 'साधी माणसं'ला 1965च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठी विभागात मान मिळाला होता, हीही सालाची पक्की खूण. चाहत्यांच्या संकेतस्थळावरचं साल मात्र देऊ नये. तेही बहुधा एखाद्या संग्रहावरूनच उतरवलेलं असतं.

वर्षाचा हा आग्रह नुसत्या हौसेचा नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रथम प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1965मध्ये प्रथम निघालेल्या मुद्रणाचा तो 2025अखेर संपतो. 2004 धरलं, तर 2064 येतं. पडद्यावरच्या सालाला कायद्यात किंमत नाही, पण ते पाहून अंदाज बांधणारे बरेच असतात. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतात. खेबुडकर 2011मध्ये वारले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2071अखेरपर्यंत आहे.

ई-मेल गेल्यावर काही दिवस ते काही आठवडे वाट पाहावी लागते, आणि लेबलने मनावर घेतलं नाही तर काहीच होत नाही. लेबल बिचकतं त्यालाही कारण आहे. अल्बम काढून नव्याने पाठवताना गाण्याचा आयएसआरसी चुकून बदलला, तर जुनी ऐकण्याची संख्या तुटू शकते आणि लोकांच्या याद्यांतून गाणं गळू शकतं. म्हणून क्रमांक तोच ठेवून फक्त माहिती बदलावी, असं विनंतीतच लिहिलेलं बरं. सेवेने आपल्यापुरता बदल केला, तर तो तिथेच राहतो आणि लेबलची पुढची फाइल आली की पुसलाही जाऊ शकतो. लेबलने मूळ नोंद सुधारून सगळीकडे पाठवली, तर इतर सेवांवरही साल बदलतं. त्यामुळे लेबलचा पत्ता मिळत असेल, तर ई-मेलची एक प्रत त्यांनाही थेट पाठवावी.