सांबार निवडून ठेवजो

माझं माहेर पुण्याचं, सासर अमरावतीचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी बाजाराला निघाले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाजारात जाऊन राह्यली त थोडा सांबार आनजो." मी "हो आई" म्हटलं आणि येताना सांबार मसाल्याची पुडी घेऊन आले. संध्याकाळी इडल्या असणार असं गृहीत धरून दोन शेवग्याच्या शेंगाही घेतल्या. सासूबाईंनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अन् सांबार कुठी आहे?"

विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरकडे चवीने खाल्ली जाते ती सांबारवडी याच कोथिंबिरीची. हे आज मला पाठ आहे, पण त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं याचा मी नंतर बराच विचार केला. शब्द कळला नाही म्हणून घोटाळा झाला नव्हता. शब्द कळला असं मला वाटलं, म्हणून झाला. त्या "थोडी पऱ्हाटी आन" म्हणाल्या असत्या तर मी लगेच थांबून विचारलं असतं, कारण पऱ्हाटी हा शब्द मी कधी ऐकलेलाच नव्हता. (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.) अनोळखी शब्द कानाला अडतो आणि तोंडून आपोआप प्रश्न येतो. ओळखीचा शब्द दुसऱ्या गावी दुसराच अर्थ घेऊन बसलेला असेल, तर दोघांनाही पत्ता लागत नाही. बोलणं सुरळीत चाललेलं असतं आणि गडबड बाजारातून घरी आल्यावरच दिसते.

मग असा शब्द ओळखायचा कसा? माझा अनुभव असा की त्या शब्दाकडे बघून तो कळत नाही, आजूबाजूच्या शब्दांकडे बघावं लागतं. त्याच आठवड्यात सासूबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या होत्या, "सांबार निवडून ठेवजो." आमटीसारखा पदार्थ कुणी निवडत नाही. निवडतात ती पालेभाजी. पहिल्या दिवशी "निवडून" कानावर पडलं असतं आणि तिकडे माझं लक्ष गेलं असतं, तर पुडी आलीच नसती. दुसरी खूण लिंगाची. माझ्या माहेरी इडलीबरोबरचं ते "सांबार", नपुंसकलिंगी. सासूबाई म्हणाल्या होत्या "थोडा सांबार". तो "थोडा" कानाला किंचित खटकला होता, पण वऱ्हाडी बोलण्याची लकब असेल म्हणून मी सोडून दिलं. खटकलं ते सोडून द्यायला नको होतं. एखादं क्रियापद, लिंग किंवा माप त्या वस्तूला शोभत नसेल, तर बहुधा वस्तूच वेगळी असते.

खटकल्यावर विचारायचं कसं, हा पुढचा आणि नाजूक भाग. संभाषणातल्या अशा अडखळण्यांवर भाषाशास्त्रज्ञांनी बारकाईने काम केलं आहे. 2015 साली नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या मार्क डिंगमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या 12 भाषांमधल्या घरगुती गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मराठी नव्हती. पण त्यांना आढळलं ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल. लोक सरासरी दीड मिनिटाच्या आत एकदा तरी समोरच्याला "काय म्हणालात?" अशा अर्थाचं काहीतरी विचारतात. म्हणजे अडणं हा गप्पांचा नेहमीचा भाग आहे. आणि विचारण्याचे प्रकार सगळीकडे साधारण तीनच सापडले.

पहिला प्रकार म्हणजे नुसतं "हं?" किंवा "काय?". यात काय कळलं नाही हे बोलणाऱ्याला समजत नाही. तो पूर्ण वाक्य पुन्हा म्हणतो, बरेचदा थोड्या मोठ्या आवाजात, आणि तोच शब्द पुन्हा तसाच येऊन पडतो. ऐकू आलं नसेल तेव्हा हे ठीक, पण बोलीतला शब्द अडला असेल तर निरुपयोगी. दुसऱ्या प्रकारात नेमक्या जागेवर बोट ठेवलेलं असतं: "थोडा काय आणू?" तिसऱ्या प्रकारात ऐकणारा स्वतःचा अंदाज पुढे करतो: "सांबार म्हणजे कोथिंबीर ना?" समोरच्याला फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं उरतं. त्या अभ्यासात दिसलं ते असं की शक्य असेल तेव्हा माणसं तिसऱ्या प्रकाराकडेच वळतात, कारण त्यात समोरच्याला सगळ्यात कमी कष्ट पडतात. अदब याला म्हणावं असं मला वाटतं. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. "नाही वं, तो हिरवा, भाजीवर टाकते तो" असं उत्तर येतं आणि काम होतं.

मराठीत या तिसऱ्या प्रश्नाचा सगळा भार "म्हणजे" या एका शब्दावर आहे. तो काढून टाकला आणि नुसतंच "सांबार?" असं सूर चढवून म्हटलं, तर ते विचारणं राहत नाही. ऐकणाऱ्याला त्यात आश्चर्य ऐकू येतं, कधी थट्टाही. आपल्या शब्दाची अशी पुनरुक्ती झाली की माणूस वरमतो, हे मी सासरच्या कितीतरी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पुण्यात पाहिलं आहे. "सांबार म्हणजे?" एवढं म्हटलं की तोच सूर कुतूहलाचा होतो.

उत्तर मिळाल्यावरचं वाक्यही जपून बोलावं लागतं. "अच्छा, कोथिंबीर म्हणतात त्याला" आणि "आमच्याकडे कोथिंबीर म्हणतात" या दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा आहे. पहिल्यात कोण म्हणतात ते सांगितलेलं नाही, त्यामुळे साऱ्या मराठी जगाचा निकाल लागल्यासारखा वाटतो आणि सांबार चुकीचा ठरतो. दुसऱ्यात दोन घरं शेजारी उभी राहतात. शाळेत "शुद्ध बोल" ऐकत वाढलेल्या माणसाला हा फरक ताबडतोब ऐकू येतो. माझे यजमान सांगतात की पुण्यात शिकायला आल्यावर त्यांनी पहिल्या महिन्याभरात "काहून" हा शब्द बोलण्यातून काढून टाकला आणि "का" म्हणू लागले. कुणी रागावलं नव्हतं. त्यांनी "काहून" म्हटलं की समोरचा फक्त तो शब्द हसून परत म्हणायचा.

हे झालं ऐकणाऱ्याचं. बोलणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. समोरच्याला कळलं नाही याची खूण बहुतेकदा प्रश्नातून मिळतच नाही, अतिघाईच्या होकारातून मिळते. "हो हो" लगेच आलं, पण पुढचं काहीच विचारलं नाही, किती आणू, कुठून आणू, तर समजावं की होकार भिडेचा आहे. अशा वेळी आपला शब्द मागे घेण्याची गरज नसते. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला की पुरे: "सांबार, कोथिंबीर, एक जुडी." मराठीला ही सवय जुनी आहे. लाजशरम, धनदौलत, रीतिरिवाज हे जोडशब्द पाहा. प्रत्येकात पहिला शब्द संस्कृताच्या घरचा आणि दुसरा फारसी-अरबीच्या वाटेने आलेला आहे, अर्थ जवळजवळ एकच. दोन भाषांचे शब्द एका दमात उच्चारले की ज्याला जो ओळखीचा तो त्याने उचलावा. मात्र क्रम पाळावा, आपला शब्द आधी आणि समोरच्याचा नंतर. उलट केलं तर आपला शब्द कानावर पडूनही लक्षात राहत नाही.

कधी दोन्हीकडे शब्द तोच असतो आणि वस्तू दोन, तेव्हा प्रतिशब्द देऊनही गोंधळ मिटत नाही. कोहळं घ्या. विदर्भात कोहळ्याची भाजी आणि कोहळ्याचं बोंड होतं ते लाल भोपळ्याचं. पुण्यात कोहळा म्हणजे पांढऱ्या गराचा, ज्याचा पेठा होतो आणि जो लोक नव्या घराच्या दाराशी टांगतात. बरं, खानदेश-मराठवाड्यात त्याच लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, आणि पुण्या-कोकणाकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. नावाला नाव देत बसलं की गुंता वाढतोच. इथे नाव सोडून वस्तूकडे जावं: आतून रंग कोणता, त्याचं करतात काय? गर केशरी आणि त्याची बोंडं तळतात, एवढं कळलं की नावाचा प्रश्न उरत नाही.

फोनवर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे बोट दाखवता येत नाही. कोल्हापूरची एक मैत्रीण मला तांबड्या रश्श्याची कृती फोनवर सांगत होती. "आता दोन चमचे चटणी घाल," ती म्हणाली. माझ्या ओट्यावर खरोखरच वाटीभर खोबऱ्याची चटणी होती. या वेळी मात्र मी थांबले. रश्श्याला रंग येणार कशाने, असा प्रश्न मनात आला आणि विचारलं, "चटणी म्हणजे आपलं लाल तिखट?" तिकडे ती पदार्थाच्या घाईत होती, तरी सावकाश म्हणाली, "हो, कांदा-लसणाची, आमच्याकडं चटणीच म्हणतात की." कोल्हापूर-सातारा भागात तिखटालाच चटणी म्हणतात. प्रमाण, पैसे, औषध किंवा वेळ ठरत असेल तिथे असं भर वाक्यात थांबणंच बरं. गोष्ट रंगात आली असेल तर मात्र मी थांबत नाही. सोलापूरकडच्या आजींनी "माळवं विकायला जायचो" म्हटलं की दोनच वाक्यांनी मेथी आणि वांगी येतातच, आणि माळवं म्हणजे भाजीपाला हे न विचारता कळतं. विचारायचंच असेल तर गोष्ट संपल्यावर.

अर्थ कळूनही अडतात असे शब्द वेगळेच. नागपुरी मित्राने "काय बे" म्हटलं तर अर्थ कळतो, पण पुणेरी कानाला तो अपमान वाटू शकतो. तिथे "म्हणजे?" विचारून काही हाती लागत नाही. तो आपल्या जिवलग मित्राला कसा हाक मारतो, हे एकदा शेजारी बसून ऐकावं लागतं.

सासूबाई आता वर्षातून दोनदा पुण्याला येतात. आमच्या घरात शब्दांची वाटणी आपोआप झाली आहे. माझी मुलगी फ्रिज उघडून ओरडते, "आजी, सांबार संपला!" तेव्हा त्या पिशवी घेऊन भाजीवाल्याकडे निघतात. "सांबार संपलं" असं ऐकू आलं, तर कुकरला डाळ लावायची असते.