तांब्याच्या भावात वायर

निविदा भरायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. एका महानगरपालिकेला 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरची 6,000 बंडलं हवी होती, प्रत्येक बंडल 90 मीटरचं. वायर बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागातल्या कारकून बाईंनी सॅपमध्ये कोटेशन तयार केलं. सिस्टिमने बंडलाचा भाव दाखवला 1,690 रुपये. गोष्टीतली कंपनी काल्पनिक आहे, पण ही चूक कुठल्याही ईआरपीत होऊ शकते.

त्याच सकाळी त्यांनी एका डीलरच्या ऑर्डरला हेच बंडल 2,150 रुपयांनी लावलं होतं. तेवढ्यावरून शंका घ्यावी असं काही नव्हतं. मोठ्या निविदेला डीलरपेक्षा कमी भाव देतातच. पण इतका कमी? त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. 2.5 चौरस मिलिमीटरच्या 90 मीटर वायरमध्ये सुमारे दोन किलो तांबं असतं. त्या आठवड्यात कारखान्याला तांबं किलोमागे 800 रुपयांनी पडत होतं. म्हणजे 1,600 रुपये नुसत्या तांब्याचे. उरलेल्या 90 रुपयांत वरचं पीव्हीसी, मजुरी, वीज, पॅकिंग आणि गाडीभाडं बसवायचं!

"सर, हा भाव आपल्याला परवडणारा नाही. जुना भाव आलेला दिसतोय," त्यांनी मॅनेजरना सांगितलं. "नवी यादी तर गेल्याच महिन्यात चढवली," मॅनेजर म्हणाले. आणि ते खरंही होतं. नव्या यादीत सरकारी ग्राहकांसाठी 1,980 रुपये बरोबर नोंदवलेले होते.

मग सिस्टिमने जुना भाव उचलला कुठून?

सॅपमध्ये एकाच मालाचे अनेक भाव नोंदवलेले असू शकतात: विशिष्ट ग्राहकासाठी एक, ग्राहकांच्या गटाच्या यादीतला दुसरा आणि सरसकट सगळ्यांसाठी तिसरा. शोध विशिष्टाकडून सर्वसाधारणाकडे जातो आणि पहिला लागू भाव सापडला की थांबतो. कोटेशनच्या कंडिशन्स पडद्यावर PR00 ही ओळ निवडून 'अ‍ॅनालिसिस' उघडलं की भाव कुठल्या पायरीवर सापडला ते दिसतं. बाईंनी तेच केलं. भाव पहिल्याच पायरीवर सापडला होता आणि गटाच्या यादीपर्यंत शोध पोचलाच नव्हता.

VK13 मध्ये ती नोंद उघडल्यावर उलगडा झाला. याच महापालिकेशी दोन वर्षांपूर्वी दर-करार झाला होता. तेव्हा तांबं स्वस्त होतं. करार वर्षभराचाच होता, पण भाव भरणाऱ्याने शेवटची तारीख तशीच सोडून दिली आणि सिस्टिमने आपणहून 31.12.9999 धरली. करार कधीच संपला, नोंद मात्र जिवंत राहिली. नवी यादी चढवल्यावरही ती तशीच राहिली, कारण यादी वेगळ्या पायरीवरची होती. दोन्ही नोंदी आपापल्या जागी वैध असल्यामुळे सिस्टिमने कुठलाही इशारा दिला नाही.

भाव बदलायचा अधिकार बाईंकडे नव्हता. मॅनेजरच्या ईमेलवरून किंमत-मास्टर सांभाळणाऱ्याने जुनी नोंद बंद केली. तरी कोटेशनवर 1,690 तसेच! इथे बरेच जण फसतात. एकदा तयार झालेल्या कोटेशनमध्ये भाव नकलून ठेवलेला असतो, त्यामुळे मास्टर दुरुस्त केला तरी जुना कागद आपोआप बदलत नाही. त्याच पडद्यावरच्या 'अपडेट'ने पुन्हा किंमत काढायला लावल्यावरच 1,980 आले. मग ते बीओक्यूच्या तक्त्यात भरले गेले.

बंडलामागे 290 रुपयांचा फरक होता. 6,000 बंडलांवर तो 17 लाख 40 हजार रुपये होतो. ई-निविदेत मुदतीपर्यंत भाव बदलता येतो, त्यानंतर नाही. 1,690 चा भाव सर्वांत कमी ठरला असता, तर कंपनीसमोर दोनच वाटा उरल्या असत्या: तोट्यात माल द्यायचा किंवा माघार घेऊन बयाणा रक्कम गमवायची. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ही रक्कम अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असते.

तांब्याचा हिशेब मोठी चूक पकडतो, छोटी नाही. भाव 1,900 आला असता, तर बाईंना संशयही आला नसता आणि 4 लाख 80 हजारांची झळ गुपचूप बसली असती. शिवाय बदल झाला तो एकाच ग्राहकाच्या एकाच नोंदीत. म्हणून निविदा भरून झाल्यावर कंपनीने 9999 सालापर्यंत चालू असलेल्या सगळ्या ग्राहकनिहाय भावांची यादी काढली, आणि करार संपल्याची तारीख भरल्याशिवाय असा भाव नोंदवायचा नाही, असा नियम केला.